दुकानाच्या दिवाळी रांगोळी स्पर्धेचं कॅप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या तोंडावर कापडाच्या, भांड्यांच्या आणि किराणा दुकानांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून कापड दुकानाची, घरच्या रांगोळीचे फोटो मागवणारी स्पर्धा घेतली आहे. वर्ष २०२६ धरलं आहे. चौकटी कंसातली जागा तुम्ही भरायची.

१. कॅप्शनमध्ये नेमकं काय काय हवं?

वाचणाऱ्याला दुकानात फोन न करता भाग घेता आला पाहिजे, हीच कसोटी. त्यासाठी सहा गोष्टी लागतात: कोण भाग घेऊ शकतं, रांगोळी कशी हवी, फोटो कुठे आणि कसा पाठवायचा, गुण कशाला, बक्षीस काय आणि शेवटची वेळ. सातवी गोष्ट म्हणजे निकालाचा दिवस. कॅप्शनमधून बहुतेक वेळा तीच राहून जाते आणि मग दिवाळीनंतर आठवडाभर "निकाल कधी?" एवढंच विचारणारे फोन येत राहतात.

दुकानाची सवलत, नवा माल आणि साड्यांचे भाव यात घालू नका, त्यासाठी वेगळी पोस्ट करा. एकाच मजकुरात दोन्ही आलं की भाग घ्यायला खरेदी करावी लागते असा समज होतो, आणि त्याचे परिणाम प्रश्न ८ मध्ये दिले आहेत.

२. एक पूर्ण नमुना द्याल का?

> दारातली रांगोळी तुमची, बक्षीस आमच्याकडून! प्रवेश मोफत.
> फोटो पाठवायची शेवटची वेळ: सोमवार, ९ नोव्हेंबर २०२६, रात्री ९.
>
> कोण: [शहर] इथे राहणारी, १२ वर्षं पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती. एका व्यक्तीची एकच रांगोळी. खरेदीची अट नाही. दुकानातले कर्मचारी, परीक्षक आणि त्यांच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही.
>
> रांगोळी: ५ ते ९ नोव्हेंबर या दिवसांत स्वतः हाताने काढलेली, किमान २ फूट × २ फूट. रांगोळी, फुलं, पानं, धान्य चालेल. छाप, जाळी, स्टिकर आणि तयार रांगोळी चालणार नाही.
>
> फोटो: दोन पाठवा. एक अर्ध्या झालेल्या रांगोळीचा, एक पूर्ण रांगोळीचा वरून काढलेला. दोन्ही फोटोंत परवलीचा शब्द हाताने लिहिलेली चिठ्ठी रांगोळीशेजारी हवी. हा शब्द ५ नोव्हेंबरला सकाळी ७ वाजता दुकानाच्या फलकावर आणि स्टेटसवर कळेल.
>
> कुठे: [दुकानाचा व्हॉट्सॲप क्रमांक]. सोबत पूर्ण नाव, वय आणि राहण्याचा भाग लिहा. १८ वर्षांखालील स्पर्धकांचे फोटो पालकांच्या क्रमांकावरून यावेत.
>
> गुण: रेषा आणि सफाई ३०, रंगसंगती २५, कल्पना २५, मांडणी २०. लाइक्सना गुण नाहीत. समान गुण झाल्यास रेषा आणि सफाईचे गुण पाहू. परीक्षकांचा निर्णय अंतिम.
>
> बक्षिसं: पहिलं ₹३,००१, दुसरं ₹२,००१, तिसरं ₹१,००१ रोख. उत्तेजनार्थ ५ बक्षिसं, प्रत्येकी ₹५०१ चं खरेदी कुपन (३१ जानेवारी २०२७ पर्यंत, कोणत्याही मालावर).
>
> निकाल: गुरुवार, १२ नोव्हेंबर, सायंकाळी ६ वाजता, याच पानावर आणि दुकानात. बक्षीस वितरण: रविवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ११, दुकानात.
>
> पाठवलेले फोटो स्पर्धकाच्या नावासह आम्ही आमच्या पानावर दाखवू. नाव नको असेल तर तसं कळवा. ही स्पर्धा इन्स्टाग्रामने पुरस्कृत किंवा आयोजित केलेली नाही, तिचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही. भाग घेणारा स्पर्धेबाबत इन्स्टाग्रामला सर्व जबाबदारीतून मुक्त करतो.

बक्षिसांचा एकूण खर्च ₹८,५०८. हा आकडा मालकाने मान्य केल्यावरच कॅप्शन बाहेर जाऊ द्या. एकदा जाहीर केलेलं बक्षीस कमी करता येत नाही.

३. एवढं लांब कॅप्शन कोण वाचणार?

ज्याला भाग घ्यायचा आहे तो वाचतो. बाकीच्यांसाठी पहिल्या दोन ओळी आहेत. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण स्क्रोल करताना सुरुवातीचा थोडा भागच दिसतो आणि पुढचं दाबून उघडावं लागतं. म्हणून 'मोफत' आणि 'शेवटची वेळ' या दोन गोष्टी वरच हव्यात. "दिव्यांच्या या मंगल पर्वावर..." अशी सुरुवात केली की ती दिसणारी जागा शुभेच्छांमध्येच संपते.

पोस्टच्या चित्रावर सगळे नियम कोंबू नका. स्पर्धेचं नाव, शेवटची तारीख, पहिलं बक्षीस आणि "नियम खाली वाचा" एवढं पुरे. चित्रावरची आणि कॅप्शनमधली तारीख एकच आहे ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. गेल्या वर्षीच्या चित्रावर नवी तारीख टाकताना वार जुनाच राहतो, ही अगदी नेहमीची चूक.

४. शेवटची तारीख कोणती ठेवावी? दिवाळीआधी की नंतर?

घरच्या रांगोळीची स्पर्धा असेल तर लक्ष्मीपूजनानंतर. घरातली सगळ्यात मोठी, मन लावून काढलेली रांगोळी त्या दिवशीची असते. वसुबारसेच्या आधीच मुदत संपवलीत तर लोक मागच्या वर्षीचे फोटो पाठवतात, नाहीतर घाईने काहीतरी काढून मोकळे होतात.

२०२६ मध्ये वसुबारस गुरुवारी ५ नोव्हेंबरला, धनत्रयोदशी शुक्रवारी ६ ला, नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी ८ ला, पाडवा मंगळवारी १० ला आणि भाऊबीज बुधवारी ११ ला आहे. म्हणजे यंदा अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, आणि लक्ष्मीपूजन व पाडवा यांच्यामध्ये सोमवार मोकळा. हा सोमवार मुदतीसाठी सोयीचा आहे: रविवारी रात्री पाहुण्यांच्या गडबडीत फोटो पाठवायचा राहिला तरी दुसरा दिवस हाताशी असतो.

याच कारणाने "दिवाळीच्या चौथ्या दिवसापर्यंत" असं लिहू नका. कोणी वसुबारसेपासून मोजतो, कोणी नरक चतुर्दशीपासून, आणि यंदा तर मध्ये एक दिवस रिकामाच आहे. वार, तारीख, महिना, वर्ष आणि वेळ असं सगळं लिहा.

५. "९ तारखेला रात्री १२ पर्यंत" लिहिलं तर काय बिघडतं?

निम्मे लोक ८ आणि ९ च्या मधली मध्यरात्र धरतात, निम्मे ९ आणि १० च्या मधली. रात्री ९ किंवा १० अशी वेळ ठेवली की हा वाद उद्भवत नाही, शिवाय आलेले फोटो मोजायला कोणीतरी जागं असतं.

वेळ कोणाची धरायची हेही ठरवून ठेवा. दुकानाच्या फोनवर संदेश पोहोचल्याची वेळ धरणं सोपं. "मी ८:५५ ला पाठवला होता, नेट नव्हतं" असं सांगणारे दोन-तीन जण असतातच. त्यांच्यासाठी दहा मिनिटांची सूट द्यायची असेल तर ती मनात ठेवा आणि सगळ्यांना सारखी द्या. कॅप्शनमध्ये लिहिलीत तर तीच नवी मुदत होते.

६. प्रवेशिका कमी आल्या. मुदत वाढवू का?

एकदा वाढवता येते, पण मूळ मुदत संपण्याआधी. मूळ कॅप्शनच्या पहिल्या ओळीत "मुदत वाढवली" असं लिहा, नवी वेळ द्या, आणि आधी पाठवलेल्यांना हवी तर नवी रांगोळी पाठवायची मुभा द्या. मुदत संपल्यावर वाढवलीत तर वेळेत पाठवणाऱ्यांवर अन्याय होतो, आणि ते कमेंटमध्ये तसं लिहितातही. दिवाळी उलटून गेल्यावर तर वाढवण्यात अर्थच नाही, कारण तेव्हा नवीन रांगोळी कोणी काढत नाही.

७. जुना फोटो किंवा दुसऱ्याची रांगोळी कोणी पाठवली तर कसं ओळखायचं?

फोटोतल्या तारखेवर भरवसा ठेवू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो आणि कधी काढला याची माहिती निघून जाते. म्हणून नमुन्यात परवलीचा शब्द आहे. तो स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी जाहीर करायचा, आधी नाही. शब्द छोटा आणि साधा असावा, 'पणती' किंवा 'उटणं' यासारखा.

नुसती चिठ्ठी मोबाईलमधल्या एडिटिंगने जुन्या फोटोवर चिकटवता येते. अर्ध्या रांगोळीचा फोटो ती पळवाट बऱ्याच अंशी बंद करतो. दोन फोटोंत फरशीचे सांधे, उंबऱ्याची कड आणि रेषांची वळणं जुळतात का पाहा. चिठ्ठीची सावली रांगोळीजवळच्या पणतीच्या किंवा वाटीच्या सावलीच्या उलट दिशेला पडत असेल तर शंका घ्या.

शंका आली तर लगेच बाद करू नका. पहिल्या आठांत येणाऱ्या स्पर्धकांना निकालाआधी फोन करून एखादा साधा प्रश्न विचारावा: ठिपके किती होते, किंवा मधला रंग कसा तयार केला. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईंना हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तपासायचं असेल तर गणित सोपं आहे: मधल्या ओळीत १५, वर आणि खाली १४, १३ असं उतरत ८ पर्यंत, एकूण १६९ ठिपके.

८. "₹१,००० च्या खरेदीवर प्रवेश" अशी अट घातली तर चालेल का?

घालू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या अनुचित व्यापार प्रथांच्या व्याख्येत, विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ यांचा उल्लेख आहे. त्यातून सूट फक्त नियमांनी ठरवून दिलेल्या प्रकारांना. ही व्याख्या रुंद आहे, म्हणून प्रवेश मोफत आणि खरेदीपासून पूर्ण वेगळा ठेवणं हा सुरक्षित मार्ग. तरीही अट घालायचीच असेल तर आधी वकिलाला विचारा.

त्याच व्याख्येत आणखी एक मुद्दा आहे, जो दुकानदारांच्या सहसा लक्षात येत नाही: बक्षिसाची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांना न कळवणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. म्हणून निकालाची तारीख आणि जागा कॅप्शनमध्येच लिहावी, आणि जाहिरात जिथे केली तिथेच निकालही लावावा. पोस्ट इन्स्टाग्रामवर आणि निकाल फक्त गल्ल्यामागच्या कागदावर, असं नको.

९. "तीन मैत्रिणींना टॅग करा, शेअर करा, तरच प्रवेश" हे सगळेच लिहितात. मग आम्ही का नाही?

फेसबुकच्या नियमांत हे बसत नाही म्हणून. स्पर्धेत भाग घेण्यासाठी स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला लावणं किंवा मित्रांना टॅग करायला लावणं तिथे मान्य नाही. इन्स्टाग्रामवर फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत टॅग करायला सांगता येत नाही, आणि स्पर्धेचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही हे स्पष्ट लिहावं लागतं, तसंच भाग घेणाऱ्याने इन्स्टाग्रामला जबाबदारीतून मुक्त केल्याचंही. नमुन्यातली शेवटची दोन वाक्यं त्यासाठी आहेत. तीच पोस्ट फेसबुकवर टाकताना त्यात नाव बदला, नाहीतर फेसबुकच्या पानावर इन्स्टाग्रामचा खुलासा वाचायला मिळतो.

"आवडलं तर मैत्रिणींना सांगा" असं लिहायला काहीच हरकत नाही. ती विनंती आहे, अट नाही.

१०. गुणांची विभागणी कॅप्शनमध्ये द्यायलाच हवी का? "परीक्षकांचा निर्णय अंतिम" पुरेसं नाही?

द्यायला हवी, कारण रांगोळी काढणारी व्यक्ती त्याप्रमाणे रांगोळी निवडते. कल्पनेला जास्त गुण आहेत असं दिसलं तर लोक विषय शोधतात. रेषेला जास्त असतील तर ठिपक्यांची आणि वेलबुट्टीची पारंपरिक रांगोळी पुढे येते. विभागणी न दिल्यास पोर्ट्रेट आणि मोठे गालिचे जिंकतात आणि ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायका पुढच्या वर्षी भाग घेत नाहीत.

नमुन्यातल्या निकषांचा परीक्षकांसाठी अर्थ असा. रेषा आणि सफाई म्हणजे रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी आहे का, रंग रेषेबाहेर सांडला आहे का, वळणावर चिमूट थांबल्याने गोळा झाला आहे का. रंगसंगतीत शेजारच्या रंगांचा मेळ आणि छटा बदलताना दिसणारी सीमा पाहायची. कल्पनेत स्वतःची भर किती, हे. मांडणीत मध्यबिंदू, दोन्ही बाजूंचं संतुलन आणि दाराच्या मानाने आकार. आकार मोठा म्हणून जादा गुण नाहीत, नाहीतर वाड्याच्या अंगणाला फ्लॅटच्या दारापुढे नेहमीच फायदा मिळेल.

११. दोन परीक्षक आणि समान गुण, असं झालं तर?

समजा दोन्ही परीक्षकांची सरासरी काढल्यावर एका रांगोळीला २६, २०, २१ आणि १६ असे ८३ गुण पडले, दुसरीला २४, २२, २२ आणि १५, म्हणजे तेही ८३. नमुन्यातल्या नियमाप्रमाणे रेषा आणि सफाईत २६ मिळवणारी पहिली पुढे जाते. तिथेही बरोबरी झाली तर बक्षीस विभागून द्या: पहिल्या आणि दुसऱ्याची रक्कम एकत्र करून निम्मी निम्मी, म्हणजे प्रत्येकी ₹२,५०१. बेरीज ₹५,००२ होते, त्यामुळे पैसे सुटे करायची कटकटही नाही.

परीक्षकांना फोटो देताना नावं काढून फक्त क्रमांक द्या. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

१२. लाइक्सवर एक बक्षीस ठेवलं तर प्रसार होईल ना?

प्रसार होतो, तक्रारीही होतात. लाइक्स विकत मिळतात, आणि ज्याचा फोटो आधी लागला त्याला जास्त दिवस मिळतात. ठेवायचंच असेल तर सगळे फोटो एकाच वेळी एका अल्बममध्ये लावा, मोजणीची वेळ जाहीर करा आणि बक्षीस लहान ठेवा. मुख्य निकालात त्याचा एकही गुण मिसळू नका.

१३. रोख द्यावं की कुपन?

पहिली तीन रोख, बाकी कुपन, हे मिश्रण दुकानाला परवडतं. कुपन देताना तीन गोष्टी कॅप्शनमध्येच लिहा: मुदत, कोणत्या मालावर चालेल आणि सवलतीच्या मालावर चालेल का. नमुन्यात 'कोणत्याही मालावर' असं आहे, तेव्हा सेलमधली साडी घेताना कुपन नाकारता येणार नाही. "₹५०१ चं कुपन, किमान खरेदी ₹२,५००" असं असेल तर ते बक्षीस नसून सवलत आहे, त्याला बक्षीस म्हणू नका. "आकर्षक बक्षिसं" हा शब्दही टाळा. ज्यांना बक्षिसाचा आकडा सांगायचा नसतो ते हा शब्द वापरतात, आणि वाचणाऱ्यांनाही ते माहीत असतं.

१४. दोघी-तिघींनी मिळून काढलेली रांगोळी चालेल का? आणि इंटरनेटवरचं डिझाइन?

नमुन्याप्रमाणे एका व्यक्तीची एक रांगोळी. सासूबाईंनी रेषा आणि सुनेने रंग, अशी रांगोळी घरोघरी असतेच, म्हणून गट चालवायचा असेल तर "जास्तीत जास्त ३ जणींचा गट, बक्षीस एकच" असं लिहा. गटात असलेल्या व्यक्तीला वेगळी प्रवेशिका देता येईल का हेही सांगा. नाही म्हणणं सोपं.

डिझाइन पाहून काढायला बंदी घालता येत नाही, कारण पारंपरिक रांगोळी सगळ्यांचीच. फक्त हुबेहूब नकलेला कल्पनेचे गुण कमी मिळतील हे परीक्षकांना सांगून ठेवा.

१५. देवाच्या चित्रांबद्दल नियम करावा का?

जमिनीवर काढलेल्या देवाच्या चित्रावर पाय पडतो म्हणून काहींना ते खटकतं, काहीजण श्रद्धेनेच काढतात. बंदी घालण्याऐवजी ज्या रांगोळीने कोणाचा अपमान होईल ती बाद, एवढी ओळ पुरते. राजकीय पक्षांची चिन्हं आणि नेत्यांची चित्रं मात्र स्पष्ट शब्दांत वगळा. निवडणुका जवळ असतील तर दुकान नको त्या वादात ओढलं जातं.

१६. फोटो न मागवता दुकानासमोरच स्पर्धा घ्यायची आहे. कॅप्शनमध्ये काय बदलेल?

दोन तारखा येतील: नावनोंदणीची शेवटची आणि स्पर्धेची. त्या वेगवेगळ्या ओळींत लिहा, नाहीतर लोक नोंदणीच्या दिवशीच रंग घेऊन येतात.

जागेवरून संख्या ठरते. प्रत्येकाला ३ फूट × ३ फूट चौकोन आणि मध्ये २ फूट वाट धरली तर पाच-पाचच्या चार ओळींना २३ फूट × १८ फूट जागा लागते, कडेची वाट वेगळी. एवढीच जागा असेल तर "पहिल्या २० जणांनाच प्रवेश, नोंदणी भरली की बंद" असं कॅप्शनमध्ये हवं. वेळ दोन तास, रांगोळी आणि रंग स्वतः आणायचे, चौकोन खडूने आखून मिळेल, चाळणी, चमचा आणि शंकू चालेल, छाप चालणार नाही, हेही लिहा. रस्त्यावर किंवा फुटपाथवर घेणार असाल तर आधी महापालिकेची किंवा नगरपालिकेची आणि पोलिसांची परवानगी घ्या, मगच ठिकाण जाहीर करा.

जागा उघडी असेल तर "पाऊस आल्यास स्पर्धा [पर्यायी जागा] इथे" ही ओळ घाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही अवकाळी सर येते, आणि वाऱ्याने कोरडे रंग शेजारच्या चौकोनात जातात. पंखे बंद ठेवायचे हे आयोजकांच्या यादीत असू द्या, कॅप्शनमध्ये नको.

१७. कॅप्शन टाकल्यावर चूक लक्षात आली. गुपचूप दुरुस्त करू?

शुद्धलेखन असेल तर करा. तारीख, बक्षीस, वय किंवा गुण यांत बदल असेल तर दुरुस्तीची ओळ दिसेल अशी लिहा: "दुरुस्ती, ६ नोव्हेंबर: किमान आकार ३ फुटांऐवजी २ फूट." ज्यांनी जुना मजकूर वाचून फोटो पाठवला त्यांना बाद करता येणार नाही, हे धरून चाला. व्हॉट्सॲपवर पुढे गेलेला जुना मजकूर परत घेता येत नाही, म्हणून तिथे नवा मजकूर "जुना संदेश रद्द" अशा पहिल्या ओळीने पाठवा.

१८. स्पर्धकांना फोन नंबर कमेंटमध्ये द्यायला सांगावा का?

नाही. कमेंटमधला नंबर कोणीही उचलतो आणि तुमच्या नावाने "बक्षीस लागलं, ओटीपी सांगा" असे फोन करतो. प्रवेशिका फक्त दुकानाच्या क्रमांकावर घ्या आणि निकालाच्या पोस्टमध्ये नाव आणि भाग एवढंच द्या. बक्षिसासाठी दुकान कोणाकडूनही पैसे किंवा ओटीपी मागणार नाही, ही ओळ निकालाच्या पोस्टच्या सुरुवातीलाच टाका.